नी वर थांबायचं

दहावीच्या निरोप समारंभासाठी गाणं लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो म्हणजे चाली पण येत असतील, असा स्टाफरूमचा समज. चाल माझ्या भाच्याने बांधली. तो कीबोर्ड वाजवतो आणि मला व्याकरण शिकवल्यासारखं संगीत शिकवतो.

पहिल्या तालमीला मुलं कडवं मन लावून गायली आणि ध्रुवपदावर येताच आवाज बसला. खरं तर तिथंच तो वाढायला हवा होता. मला वाटलं ध्रुवपद कच्चं आहे. मी ते दोनदा बदललं, फरक नाही. भाचा म्हणाला, "मामू, ध्रुवपद ठीक आहे. त्याच्या आधीच्या ओळी बिघडल्यात." कडवं आणि ध्रुवपद यांच्यामधल्या या छोट्या तुकड्याला पॉप गाण्यात प्री-कोरस म्हणतात. माझ्या ओळी अशा होत्या :

पावले आता जड झाली, मागे वळून पाहतो आम्ही
आठवणींच्या या गावाचा निरोप घेऊन जातो आम्ही

आणि ध्रुवपद होतं, 'मागे वळून पाहू दे, शाळे, मागे वळून पाहू दे'. जे ध्रुवपदात द्यायचं, ते मी आधीच वाटून टाकलं होतं. शिवाय दोन्ही वाक्यं पूर्ण. क्रियापद आलं, पूर्णविराम आला, ऐकणाऱ्याला पुढे जायचं कारणच उरलं नाही.

मुशायऱ्यात शायर शेराचा पहिला मिसरा दोनदा, तीनदा म्हणतो. लोक ऐकत राहतात, कारण त्यात बात अर्धी असते आणि काफिया-रदीफ दुसऱ्या मिसऱ्यात यायचे असतात. आयुष्यभर हेच शिकवत आलो आणि स्वतः लिहिताना विसरलो! मराठीत तर सोय आणखी मोठी. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून प्री-कोरस क्रियापदाआधी तोडला की वाक्य ध्रुवपदातच पुरं होतं. मी नवीन लिहिलं :

घंटा होईल
गेट लागेल
त्याआधी, एकदा...

आणि मग 'मागे वळून पाहू दे'. ओळीही आखूड झाल्या. कडव्याच्या लांब ओळींनंतर आखूड ओळी आल्या की श्वास आपोआप जवळजवळ घ्यावा लागतो.

आता चाल. गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे सा हा सी. कडव्यात सी, जी, ए मायनर, एफ हे चार कॉर्ड फिरत होते आणि भाच्याने प्री-कोरसलाही तेच लावले होते. सी वाजला की घरी आल्यासारखं वाटतं. ध्रुवपदाच्या आधी दोनदा घरी येऊन गेल्यावर तिसऱ्यांदा कौतुक कसलं! म्हणून प्री-कोरसमधून सी काढूनच टाकला. चार मात्रांचे चार बार : पहिल्यात डी मायनर, दुसऱ्यात एफ, उरलेल्या दोनांत फक्त जी. सूरही पायरीने चढवला. 'घंटा होईल' म वर, 'गेट लागेल' ध वर, 'एकदा' नी वर. तिथंच थांबायचं. नी जी कॉर्डमध्ये बसतो, पण त्याचा ओढा वरच्या सा कडे असतो. ध्रुवपद त्याच सा वर सुरू होतं.

आधीच्या चालीत प्री-कोरस स्वतःच वरच्या सा ला शिवून येत होता आणि ध्रुवपद प पासून सुरू व्हायचं. जिना चढून गच्चीवर जायचं, तर आम्ही गच्चीवरून खाली उतरत होतो. मुलांचा आवाज बसत होता तो इथे.

जमलं की नाही हे बघायची भाच्याची रीत सोपी. नी वर गाणं तोडायचं आणि गप्प बसायचं. मी घरी बायकोसमोर तोडलं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पुढे?" जुनी चाल तोडली होती तेव्हा तिने काहीच विचारलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र आम्हाला महागात पडली. शेवटच्या दोन मात्रा ढोलकी बंद ठेवायची ठरली, म्हणजे रिकाम्या जागेत ताण वाढेल. मुलांना ती रिकामी जागा सोसेना. अर्धी मुलं आधीच ध्रुवपदावर उडी मारायची, उरलेली नी खाली ओढायची. मोजायला सांगून उपयोग झाला नाही. शेवटी त्या दोन मात्रांत सगळ्यांनी मोठ्याने श्वास घ्यायचा, असं ठरवलं. माइकमध्ये तो श्वास ऐकू येतो म्हणून ध्वनिवाल्याने तक्रार केली.

समारंभाला तो श्वास हॉलभर ऐकू आला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी ओढणी तोंडाला लावली. 'मागे वळून' अजून यायचं होतं.