बटणावरचे एकशेसत्तर

रमजानचा शेवटचा अशरा लागला की पूर्वी आमच्याकडे बेकरीच्या दारात नानकटाईच्या पत्र्यांची रांग लागायची. घरी तूप आणि पिठीसाखर फेसायची, मैदा मिसळायचा, गोळे करून पत्र्यावर मांडायचे आणि नावाची चिठ्ठी लावून पत्रा मुलांच्या डोक्यावर द्यायचा. भट्टीवाल्या चाचांकडे थर्मामीटर नव्हता. ते भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकत आणि तो किती वेळात तांबूस होतो ते पाहत. टाकल्या टाकल्या काळा पडला तर थांबत, नुसताच पांढरा राहिला तर आणखी लाकूड सारत. भट्टी किती तापली आहे हे ते भट्टीलाच विचारत.

आता घरोघरी ओटीजी आले आहेत. कुणाचा मुलगा कुवेतहून घेऊन आला, कुणी मुंबईहून आणला. चाचांच्या चिमूटभर मैद्याची जागा एका बटणाने घेतली. त्याच्याभोवती १०० पासून २५० पर्यंतचे आकडे छापलेले असतात, आणि छापलेल्या आकड्यावर आपला विश्वास चटकन बसतो.

माझ्या धाकट्या भावाची बायको लग्नानंतर नानकटाईच्या ऑर्डरी घेऊ लागली. माहेरी तिची नानकटाई नावाजलेली. आमच्या घरच्या ओव्हनमध्ये मात्र तीच नानकटाई पसरून पापडासारखी व्हायची. घरातल्या बायांनी निदान करून टाकले. "हात बसला नाही हिचा अजून," फुफी म्हणाल्या. कुणी तूप बदलायला सांगितले, कुणी मैदा जास्त घालायला. मैदा वाढवला तर नानकटाई कोरडी पडली आणि हाताचा दोष अधिकच पक्का झाला. ईद दहा दिवसांवर होती आणि शेजारच्या तीन घरांचे पैसे आगाऊ येऊन पडले होते.

नानकटाई पसरते कशी, ते बघण्यासारखे आहे. गोळा ओव्हनमध्ये गेला की आधी तूप वितळते आणि त्यानंतर कडा सुकून आकार धरतात. ओव्हन पुरेसा तापलेला असेल तर या दोन गोष्टींमध्ये फारसा अवधी राहत नाही. थंड असेल तर तूप वितळून वाहू लागते आणि आकार धरायला उशीर होतो. उलट ओव्हन फार तापलेला असेल तर वरून रंग येतो, भेगा पडतात आणि आत कच्चे राहते. केकचेही तसेच. जास्त उष्णतेत कड लवकर घट्ट होते आणि मधला भाग घुमटासारखा वर येऊन फुटतो, कमी उष्णतेत केक दडस होतो आणि मध्ये बसतो. तेव्हा पसरलेली नानकटाई पाहून माझा पहिला संशय ओव्हनवर गेला, भावजयीवर नाही.

बी.एड.ला मूल्यमापनाच्या तासाला आम्हाला दोन शब्द घोकून घेतले होते, विश्वसनीयता आणि सप्रमाणता. एखादी चाचणी दरवेळी सारखाच निकाल देते, तेव्हा ती विश्वसनीय. जे मोजायचे तेच मोजते, तेव्हा सप्रमाण. चाचणी विश्वसनीय असूनही सप्रमाण नसू शकते, हे तेव्हा नीट गळी उतरत नव्हते. ओव्हनने ते उतरवले.

ओव्हनचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. घड्याळासारखी तबकडी असते, जाळीवर उभा राहतो किंवा अडकवता येतो. तो मधल्या जाळीच्या मधोमध, जिथे पत्रा येणार तिथेच ठेवायचा. भिंतीला किंवा तापणाऱ्या दांड्यांना चिकटून ठेवला तर तो त्यांचीच आच सांगतो. तोंड काचेकडे करायचे, कारण दार उघडून वाचायला गेलो की आतली गरम हवा निघून जाते आणि काटा घसरतो.

आम्ही बटण १७० वर ठेवले. दहा मिनिटांत दिवा विझला. ओव्हन तापला, असे समजून भावजय याच वेळी पत्रा आत सरकवत असे. ओव्हनबरोबरच्या पुस्तिकेतही तसेच लिहिले होते. काटा मात्र १२५ वर होता.

याचे कारण आठवीच्या विज्ञानातले आहे. अशा छोट्या ओव्हनमध्ये बहुधा दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि विजेचा संपर्क तुटतो. ही पट्टी पत्र्याजवळ नसते, बटणामागे बाजूच्या भिंतीत असते. तिला भिंतीची उष्णता कळते, नानकटाईभोवतीच्या हवेची नाही. त्यात बटण दांडीवर किंचित तिरके बसले की आकडा आणखी सरकतो.

अर्ध्या तासाने ओव्हन स्थिरावला. स्थिरावला म्हणजे एका जागी थांबला असे नाही. दिवा लागला की काटा चढतो, विझला की उतरतो, आणि हे चालूच राहते. म्हणून एकदाच पाहून आकडा लिहून ठेवणे चुकीचे. आम्ही दर दोन मिनिटांनी वीस मिनिटे पाहिले. काटा १४० आणि १६० यांच्यामध्ये फिरत होता, म्हणजे सरासरी १५०. बटणापेक्षा २० अंश कमी. मग १५० वर ठेवून पाहिले, सरासरी १३५ आली. १९० वर १६५. तूट सगळीकडे सारखी नव्हती, वर जाऊ तशी वाढत होती. त्यामुळे "नेहमी वीस वाढवा" असा सोपा नियम इथे चालला नसता. खरे १७० हवे तर बटण १९५ च्या किंचित पुढे न्यावे लागेल असा हिशेब निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले, तेच आकडे आले. ओव्हन विश्वसनीय होता, सप्रमाण नव्हता. असा ओव्हन चालतो. रोज वेगळे आकडे देणाऱ्या ओव्हनला मात्र कागदावरच्या हिशेबाचा उपयोग नाही, तो दुरुस्तीलाच न्यावा.

थर्मामीटरच खोटा असेल तर, असे भावाने विचारले. शंका रास्त होती. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. चमचाभर साखर कागदाच्या द्रोणात घालून, काट्याची सरासरी १७५ असताना पंधरा मिनिटे ठेवली, ती कोरडीच राहिली. १९५ ला ठेवली, तिचे पाणी झाले. एवढा मेळ घरासाठी पुरे. पाच अंशांचा फरक ही परीक्षा पकडत नाही, पण नानकटाईलाही तो फारसा कळत नाही.

तो पत्रा भावजयीने जुन्याच मापाने केला, वाढवलेला मैदा काढून टाकला. अर्धा तास तापवल्यावर बटण ठरल्या जागी, वीस मिनिटे, आणि मागचा डावा कोपरा जास्त तापतो म्हणून मध्येच पत्रा फिरवला. नानकटाई उभी राहिली, वर बारीक भेग. फुफींनी एक खाल्ली, दुसरी उचलली. हाताबद्दल काही बोलल्या नाहीत.

माणगावात एक गोष्ट आणखी लक्षात ठेवावी लागते. संध्याकाळी विजेचा दाब पडतो. २३० व्होल्टचे १८० झाले तर दांड्यांची ताकद जेमतेम साठ टक्के उरते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पट्टी मात्र भिंत तेवढीच तापल्यावरच वाकते, म्हणून बटणाचा हिशेब फारसा बिघडत नाही. बिघडतो तो वेळ. तापायला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागतो, आणि थंड पत्रा आत गेल्यावर खाली आलेला काटा परत चढायलाही वेळ घेतो. म्हणून ऑर्डरीचे पत्रे भावजय आता सकाळी, सहरीनंतर लावते, आणि दिव्याकडे न पाहता काट्याकडे पाहून पत्रा आत सरकवते.