दोन भाषांमधला ‘मी’

गेल्या जूनमध्ये माझी भाची लॅपटॉप घेऊन आली. कॉलेजच्या फीचा हप्ता तिने पूर्ण भरला होता, पण पावतीवर रक्कम कमी दिसत होती. लेखा विभागाला इंग्रजीत ईमेल पाठवायचा होता. ‘‘खाला, एकदा नजर टाका ना,’’ ती म्हणाली.

आमच्या घरात हे काम माझ्याकडेच येतं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी नाही, पण बी.एड. झालेली बाई म्हणजे तिला सगळंच येतं, असा घरच्यांचा समज आहे आणि खरं सांगायचं तर मीही तो कधी मोडला नाही. भाचीने लिहिलं होतं, ‘अ‍ॅज डिस्कस्ड बिटवीन युअर अकाउंटंट अँड मी’. मी शेवटचा शब्द खोडला आणि तिथे ‘आय’ केला. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, आणि ईमेल पाठवून दिला.

दोन महिन्यांनी ती बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. चुका शोधण्याच्या प्रश्नांत नेमकं तेच वाक्य आलं. ‘‘खाला, माझं बरोबर होतं,’’ ती म्हणाली. मग हळूच, ‘‘मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही खोडलं म्हणून गप्प बसले.’’

पावतीचं काम झालं होतं, त्या एका शब्दाने काही अडलं नव्हतं. पण ती गप्प बसली, हे मला लागलं. शाळेच्या पत्रांत मी पंधरा वर्षं हीच ‘दुरुस्ती’ करत आले होते. त्या रात्री व्याकरणाचं जुनं पुस्तक काढून बसले.

पहिली गंमत तर आपल्या कानाची आहे. मराठी ‘मी’ म्हणजे इंग्रजी ‘आय’, आणि इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’ किंवा ‘माझ्या’. आवाज एक, काम उलटं. पण माझी चूक त्यातून आली नव्हती. लहानपणी ‘मी अँड माय फ्रेंड वेंट’ म्हटलं की आमच्या सर छडी उगारायचे. तिथे त्यांचं बरोबर होतं, कारण जाणारे आपण स्वतः आहोत, म्हणून ‘आय’ हवा. पण आम्ही धडा भलताच घेतला: ‘अँड’ नंतर ‘मी’ आला की तो गावठी, ‘आय’ आला की तो सभ्य. औपचारिक पत्रात तर सभ्यच दिसायचं असतं, म्हणून चूक तिथेच जास्त होते. आणि ती आजची नाही. शेक्सपियरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनियोने मित्राला लिहिलेल्या पत्रातही ‘बिटवीन’ नंतर हाच ‘आय’ आहे. त्या काळी तो चालून गेला. आजच्या औपचारिक लेखनात तो चूक धरतात.

खरं तर उत्तर आपल्या भाषांतच आहे. ‘तुम्ही आणि मी मध्ये’ असं कुणी म्हणतं का? आपण म्हणतो ‘तुमच्या-माझ्यामध्ये’. उर्दूत ‘आपके और मेरे दरमियान’. ‘मध्ये’ आणि ‘दरमियान’ शब्दाचं रूप बदलायला लावतात. ‘बिटवीन’ही तेच करतो. इंग्रजीतला एक ताळाही आहे. ‘टू’ किंवा ‘फॉर’ असेल, तर दुसऱ्या माणसाला क्षणभर वाक्यातून बाहेर काढा. ‘प्लीज रिप्लाय टू द प्रिन्सिपल अँड आय’ यातून प्रिन्सिपल गेले की ‘रिप्लाय टू आय’ उरतं आणि कान लगेच नाही म्हणतो. ‘बिटवीन’ला मात्र दोघं लागतातच, एकाला काढता येत नाही. तिथे दोघांच्या जागी एकच शब्द ठेवून पाहा: ‘बिटवीन वी’ की ‘बिटवीन अस’? ‘अस’ बसतो, म्हणजे ‘मी’ बरोबर. काही लोक या भांडणातून सुटायला ‘मायसेल्फ’ लिहितात. तोही तिथे चुकीचाच.

मग ‘हू’ आणि ‘हूम’. इथे मी आपलं मराठी घेऊन मोठ्या आत्मविश्वासाने पुढे गेले: ‘कोण’ म्हणजे ‘हू’, ‘कोणाला’ म्हणजे ‘हूम’. ‘कोणाला भेटावे?’ म्हणजे ‘हूम शुड आय मीट?’ अगदी बरोबर. पण ‘दाखला कोणाला हवा आहे?’ याचं काय? मराठीत ‘कोणाला’ आहे, आणि इंग्रजीत मात्र ‘हू नीड्स द सर्टिफिकेट?’ आपल्याकडे हवं असणं, आवडणं, आठवणं हे ‘मला’, ‘त्याला’ असतं. इंग्रजीत तोच माणूस वाक्याचा कर्ता होऊन बसतो. म्हणून भाषांतराचा ताळा इथे फसतो.

त्यापेक्षा प्रश्नाचं उत्तर इंग्रजीतच द्यावं. उत्तरात ‘ही’ आला तर ‘हू’, ‘हिम’ आला तर ‘हूम’. ‘हिम’ आणि ‘हूम’ दोन्हींच्या शेवटी ‘म’ आहे, मुलींना एवढं पटकन लक्षात राहतं. ‘आय शुड मीट हिम’, म्हणून ‘हूम’. ‘ही नीड्स इट’, म्हणून ‘हू’.

पण माझी सर्वांत मोठी चूक पुढेच होती. एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीसाठी मी शिफारस लिहिली होती: ‘अ स्टुडंट हूम आय बिलीव्ह विल डू वेल’. ‘हूम’ लिहिताना किती रुबाब वाटला होता! आता मधलं ‘आय बिलीव्ह’ झाकून वाचलं. उरलं ‘हूम विल डू वेल’. ‘हर विल डू वेल’ कुणी म्हणेल का? ‘शी विल डू वेल’, म्हणून ‘हू’. माझा विश्वास मध्येच घुसला होता आणि त्याने शब्द बिघडवला होता. ‘फॉरवर्ड दिस टू हूएव्हर इज इन चार्ज’ यातही ‘टू’ दिसला की हात ‘हूमएव्हर’कडे जातो. पण ‘इज इन चार्ज’चा कर्ता तोच शब्द आहे, म्हणून ‘हूएव्हर’च राहतो.

आज बोलताना इंग्रज माणूसही ‘हू शुड आय कॉन्टॅक्ट?’ म्हणतो, आणि बऱ्याच ईमेलमध्येही ते चालतं. ‘टू’, ‘विथ’, ‘फ्रॉम’ यांच्या लगेच पुढे मात्र औपचारिक पत्रात ‘हूम’च हवा, ‘टू हूम इट मे कन्सर्न’ म्हणूनच टिकून आहे. शंका असेल तिथे ‘हू’ लिहावा. साधा ‘हू’ कुणाला खटकत नाही, चुकीचा ‘हूम’ मात्र डोळ्यांत भरतो.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात मी फळ्यावर माझं जुनं वाक्य लिहिलं आणि सांगितलं, ‘‘ही माझी चूक. पंधरा वर्षांची.’’ वर्ग क्षणभर शांत झाला. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला, ‘‘मॅडम, मग गेल्या महिन्यात माझ्या अर्जात तुम्ही जे खोडलं होतं...?’’

‘‘तेही,’’ मी म्हटलं. ‘‘तुझं बरोबर होतं. तेव्हा का नाही बोललीस?’’

ती नुसती हसली. भाचीसारखीच.