जॅकेट उलटं करून बघा

वाशीतल्या माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा आधी जॅकेटचा रंग बघतं, मग कोपरावर हात दाबून आतलं पॅड चाचपतं आणि विचारतं, “लेव्हल टू आहे ना?” मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न थेट किमतीचा. मी ते जॅकेट हातात घेतो, उलटं करतो आणि आतली दोन लेबलं दाखवतो. एक कोपराच्या पॅडवर शिक्का मारल्यासारखं असतं, दुसरं कमरेजवळच्या शिवणीत शिवलेलं. ही दोन लेबलं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि बाजारात विक्रेते पहिल्याच्या जोरावर दुसऱ्याचा विषय टाळतात.

पॅडवरचं लेबल फक्त धक्क्याबद्दल बोलतं. युरोपीय मानक ईएन १६२१-१ हे खांदा, कोपर, गुडघा यांच्या आर्मरसाठी आहे. प्रयोगशाळेत साधारण ५ किलोचं वजन ५० ज्यूल ऊर्जेनं, म्हणजे जेमतेम मीटरभर उंचीवरून, पॅडवर पाडतात आणि पॅडखाली किती बल पोचलं ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत असेल तर लेव्हल १, २० पर्यंत असेल तर लेव्हल २. पाठीसाठी वेगळा भाग आहे, ईएन १६२१-२, आणि तिथे आकडे जास्त कडक आहेत: १८ आणि ९. लेव्हल २ म्हणजे हाड मोडणार नाही अशी हमी नव्हे. त्याच धक्क्यात लेव्हल १ पेक्षा बरंच कमी बल शरीरापर्यंत पोचतं, एवढाच त्याचा अर्थ.

शिवणीतलं लेबल कापडाबद्दल बोलतं. ते ईएन १७०९२, २०२० पासूनचं. यात ट्रिपल ए, डबल ए आणि सिंगल ए असे वर्ग आहेत. शिवाय बी म्हणजे आर्मर नसलेला कपडा आणि सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारा जाळीचा कपडा. यंत्राच्या फिरत्या बाहूंवर कापडाचे तुकडे लावतात, ठरलेल्या वेगापर्यंत फिरवतात आणि काँक्रीटवर सोडतात. तुकडे घासत घासत थांबेपर्यंत मोठं भोक पडता कामा नये. खांदा आणि कोपर हा सगळ्यात जोखमीचा भाग. तिथल्या कापडासाठी हा वेग ट्रिपल एला ताशी १२०, डबल एला ७० आणि सिंगल एला ४५ किलोमीटर असतो. छाती, काखेची बाजू, हाताची आतली बाजू इथे अट सैल आहे. जाळी लावायला जागा मिळते ती यामुळेच.

आता हे आकडे आपल्या रस्त्यांवर आणून बघू. गाडीवरून पडलेला माणूस डांबरावर साधारण ०.६५ च्या घर्षणानं थांबतो असं धरलं, तर ताशी ५० वेगात तो पंधराएक मीटर घासत जातो आणि त्याला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. वेग ७० असेल तर अंतर जवळजवळ ३० मीटर. वेग दीडपटही वाढलेला नसतो, पण अंतर दुप्पट होतं. सानपाड्याच्या सिग्नलवर तुम्ही ३० नं चालता, हे खरं. पण त्याच फेरीत पाम बीचवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर ६०-७० ला जाताच. म्हणून नवी मुंबईत नोकरीला जाणाऱ्या माणसाला मी डबल ए सुचवतो. सिंगल ए जेमतेम पुरेल ते सेक्टरच्या आतल्या आत फिरणाऱ्याला. ट्रिपल ए बहुतेक चामड्याचं किंवा जाड कापडाचं येतं, आणि मे महिन्यात तुर्भ्याच्या सिग्नलवर ते कोणी अंगावर ठेवणार नाही. घरी खुंटीवर टांगलेल्या जॅकेटचा वर्ग कोणताही असो, काय उपयोग?

मागच्या उन्हाळ्यात कामोठ्यात राहणारी एक मुलगी आली होती. नोकरी ऐरोलीला, गाडी ३५० सीसीची. महामार्गानं तुर्भ्यापर्यंत आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता. तिनं आधी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून जाळीचं जॅकेट मागवलं होतं. ते घेऊनच आली. “काका, लेव्हल टू आहे, पण यात जीव गुदमरतो. आणि पॅड सारखं फिरतं.”

उलटं करून बघितलं. कोपराच्या पॅडवर ईएन १६२१-१ चा शिक्का होता, अक्षर ‘ई’, लेव्हल २, सगळं व्यवस्थित. शिवणीत मात्र १७०९२ चं लेबलच नव्हतं. नुसतं ‘सीई’ छापलेलं एक रबरी चिन्ह बाहीवर चिकटवलेलं होतं. पाठीच्या खिशात जे निघालं ते साध्या फोमचं पातळ पान होतं, त्यावर एक अक्षरही नाही. अशी पानं फक्त पाठीला आकार देतात. शिवाय जाळी थेट कोपरावरून गेली होती. पडल्यावर जमिनीला पहिली टेकते ती जागा, आणि तिथेच सगळ्यात विरळ कापड.

गुदमरण्याचं कारण वेगळंच निघालं. जाळीच्या मागे न निघणारं अस्तर शिवलेलं होतं. जाळीवर तोंड ठेवून जोरात फुंकर मारावी आणि आतून हात धरावा. हवा हाताला लागली नाही तर ती जाळी शोभेची. पाठीवरही हवा बाहेर पडायला वाट हवी. छातीतून आत आलेली हवा मागून निघाली नाही तर आत नुसता फुगा होतो. तिच्या जॅकेटला मागे एकही फट नव्हती.

वायुवीजनाचा विषय नागपूरच्या आणि आपल्या रायडरसाठी सारखा नाही. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा लागला की अंग निवतं. विदर्भात मे महिन्यात हवा ४४-४५ अंशांवर जाते, तेव्हा मोकळ्या जाळीतून येणारा वारा उलट अंग तापवतो आणि घाम वाया घालवतो. तिथे थोडं बंद जॅकेट आणि आत ओला बनियन हे गणित बरं बसतं. आपल्याकडे खाडीमुळे पारा सहसा तिथवर चढत नाही. त्रास दमटपणाचा आहे. घाम येतो पण वाळत नाही. म्हणून इथे जाळी मोठीच हवी, आणि गाडी थांबली की कोणतीही जाळी काम करत नाही हे मान्य करून चालायला हवं. सिग्नलवर चेन चार बोटं खाली घ्या, निघताना वर ओढा. अस्तरात शिवलेल्या वॉटरप्रूफ पडद्याच्या मी इथे विरोधातच आहे. बाहेरची हवाच वाफेनं भरलेली असताना तो पडदा आतला घाम बाहेर टाकू शकत नाही. पावसाळ्यात जाळीच्या जॅकेटवरून साधा रेनकोट घाला.

तिच्या पॅडचं फिरणं मात्र मापाचा दोष होता. जॅकेट पुरुषी बेताचं, छातीला बरोबर पण दंडात ढगळ. मी तिला दुकानाबाहेर तिच्याच गाडीवर बसवलं, हात हँडलवर, कोपरं वाकलेली. मग पॅड चिमटीत धरून बाजूला फिरवून बघितलं. दोन बोटांपेक्षा जास्त सरकलं तर डांबरावर घासताना ते पहिल्याच क्षणी कोपरावरून निघून जाणार. आरशासमोर सरळ उभं राहून हे कळत नाही. हात खाली असतील तर पॅड जागेवरच दिसतं.

तिनं शेवटी बायकांच्या बेताचं, डबल ए वर्गाचं जाळीचं जॅकेट घेतलं. दंडाला आणि मनगटाजवळ आवळायचे पट्टे, खांद्या-कोपरावर सलग जाड कापड, छाती आणि पाठ जाळीची. पाठीचा लेव्हल २ आर्मर वेगळा विकत घेऊन घातला, कारण या मानकात जॅकेटसोबत पाठीचं पॅड देण्याची सक्तीच नाही. पॅड निवडताना मी एक अक्षर मुद्दाम दाखवलं: टी-प्लस. आजचे मऊ आर्मर धक्का बसला की कडक होतात, पण उन्हात तापले की काही जातींचा हा गुण उतरतो. टी-प्लस म्हणजे ४० अंशांवरही चाचणी झाली आहे. ही चाचणी ऐच्छिक आहे, म्हणून तिचा शिक्का शोधावा लागतो. कळंबोलीच्या उन्हात आरशाला टांगून ठेवलेल्या जॅकेटचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

कंपन्यांबद्दल सगळे विचारतात. रॉयल एनफिल्ड, मुंबईची रायनॉक्स आणि बंगळूरची व्हायाटेरा, या तिघांकडे शहरात वापरण्याजोगी जाळीची जॅकेटं मिळतात आणि मापं आपल्या अंगाची असतात. बाही लांब झाली तर बदलून घेणं सोपं, सुटं पॅडही मिळतं. आर्मर कोणाचा आहे तेही बघावं. ब्रिटनच्या नॉक्स आणि डीथ्रीओ, जर्मनीची सास-टेक ही त्यातली ओळखीची नावं. अल्पाइनस्टार्स, डायनीज, रेव्हिट यांचं शिवणकाम देखणं असतं, पण त्याच पैशात इथे जॅकेट, पाठीचा आर्मर आणि ग्लोव्हज असं तिन्ही येऊ शकतं. एकाच कंपनीची दोन मॉडेलं दोन वेगळ्या वर्गांत असतात, म्हणून नाव बघून वर्ग गृहीत धरू नका. आपल्याकडे हेल्मेटला आयएस ४१५१ ची सक्ती आहे, जॅकेटला अशी कुठलीच नाही. त्यामुळे लेबल वाचण्याचं काम गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडतं.

ग्लोव्हजकडे लोक उरलेल्या पैशात बघतात. मला हे पटत नाही. पडताना माणूस आधी हात पुढे करतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोटरसायकलचे ग्लोव्हज घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं. त्याच अभ्यासात अपघातात सापडलेल्या ग्लोव्हजपैकी साधारण चौथा हिस्सा फाटलेला किंवा निकामी झालेला निघाला, हेही सांगायला हवं.

ग्लोव्हजचं मानक ईएन १३५९४. लेव्हल १ च्या लेबलवर ‘केपी’ अक्षरं असतील तरच बोटांच्या पेरांवरच्या कडक कवचाची चाचणी झालेली असते. नुसतं कवच दिसलं म्हणून ती झाली असं नाही. लेव्हल २ ला ती सक्तीची आहे, पण लेव्हल २ चा मनगटपट्टा लांब असतो आणि शहरात तो गरम होतो. रोजच्या वापराला मी लेव्हल १ केपी, आखूड मनगटाचे, भोकं पाडलेल्या चामड्याचे देतो. तळहातावर, मनगटाजवळच्या उंचवट्यावर गुळगुळीत कडक तुकडा हवा. तिथे नुसतं रबर असेल तर हात रस्त्याला चिकटतो, शरीर पुढे जातं आणि सगळा भार मनगटातल्या स्कॅफॉइड या छोट्या हाडावर येतो. त्या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे ते मोडलं तर जुळायला फार वेळ घेतं.

खरेदीच्या वेळी दोन प्रयोग पुरतात. मनगटाचा पट्टा आवळा आणि सोबतच्या माणसाला बोटांची टोकं धरून ग्लोव्ह ओढायला सांगा. निघून आला तर तो ग्लोव्ह रस्त्यावरही निघेल. मग ब्रेक आणि क्लचचे लिव्हर दाबून बघा. बोटाच्या टोकाला अर्धं पेर रिकामं राहिलं तर लिव्हर अडकतो.

त्या मुलीला दोन जोड घ्यायला लावले. पावसाळ्यात चामडं भिजून वाळलं की पत्र्यासारखं ताठ होतं, म्हणून जून ते सप्टेंबर कापडाचे वापरायचे आणि चामड्याचे पंख्याखाली वाळवून ठेवायचे. जॅकेट धुताना पॅड आधी काढायचे, पट्ट्यांचं वेल्क्रो बंद करून मगच बादलीत टाकायचं. उघडं राहिलं तर ते जाळीलाच ओरबाडतं. आणि पॅड परत घालताना बाक शरीराकडे आहे ना ते बघायचं. धुऊन परत आलेल्या जॅकेटांमध्ये उलटे घातलेले पॅड मला नेहमी सापडतात.