दुधाचा हिशेब

19 मे 2025 च्या सकाळी सहा वाजता मला माझंच पत्र आलं. बरोबर एक वर्षापूर्वी, बाळंतपणाची रजा संपण्याच्या आदल्या रात्री, मी ते मेलवर लिहून वर्षाने पोहोचेल अशी वेळ लावून ठेवलं होतं, आणि साफ विसरून गेले होते.

सांगलीतल्या एका रुग्णालयात मी अकरा वर्षं स्तनपान समुपदेशक आहे. दुसऱ्या खेपेला आलेल्या बाईला मी विचारते, पहिल्या वेळी काय उपयोगी पडलं? उत्तर ठरलेलं असतं: “काही आठवत नाही हो, फार दमले होते.” माझंही तसंच होणार हे दिसत होतं, म्हणून लिहून ठेवलं. घरातली उणीदुणी गाळून बाकीचं पत्र इथे देते.

•

अगं,

आज पोर साडेपाच महिन्यांची आहे, उद्यापासून कामावर जायचंय. तुझ्याभोवती ती आता चालत असेल आणि हे सगळं तुला सोपं वाटत असेल. सोपं नव्हतं.

4 डिसेंबरला जन्मली तेव्हा वजन 2 किलो 800 ग्रॅम. सदतीस आठवडे नुकते भरलेले, सिझेरियन. अशी मुलं कागदावर पूर्ण दिवसांची असतात, पण झोपाळू फार. छातीशी घेतलं की दोन मिनिटं चोखतात आणि डोळे मिटतात. बायकांना हे आपण इतकी वर्षं सांगतोय. स्वतःची मांडीवर झोपली तेव्हा मात्र वाटलं, किती शहाणं बाळ आहे, रडत नाही.

डिस्चार्जच्या सकाळी, पाचव्या दिवशी, वजन 2 किलो 560. पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सात टक्क्यांपर्यंत चालतं. दहाच्या जवळ गेलं की कारण शोधावं लागतं. आपलं साडेआठच्या वर होतं आणि पाचव्या दिवशीही काटा वर वळला नव्हता. त्याहून बोलकी लंगोटांची बादली होती. पाचव्या दिवसापर्यंत चोवीस तासांत सहा लंगोट तरी ओले व्हायला हवेत आणि काळी शी हिरवट होत पिवळी व्हायला हवी. आदल्या दिवशी ओले तीनच होते, आणि शी अजून काळपट हिरवी. हे मी पाहिलं होतं. पण मोजलं नव्हतं.

पकडलं ते वॉर्डातल्या सिस्टरने. ती पाजताना शेजारी बसली, काही न बोलता पाच मिनिटं नुसतं ऐकत राहिली, आणि म्हणाली, “मॅडम, चोखतेय, गिळत नाहीये.” दूध पोटात जात असतं तेव्हा एक-दोन चोखण्यांमागे गिळल्याचा बारीक आवाज येतो आणि हनुवटी क्षणभर खाली थांबते. इथे नुसती चुळबुळ चालली होती. बाळ सुटलं तेव्हा बोंडी गोल नव्हती, एका बाजूने चपटी झालेली. म्हणजे तोंडात नुसती बोंडी होती, भोवतालचा काळा भाग नव्हता. टाक्यांवर भार नको म्हणून मी तिला लांब धरत होते, तिथेच सगळं बिघडलं. सिस्टरने पोरीला माझ्या काखेखालून आडवं घेतलं, पाय मागे, डोकं माझ्या तळहातावर. नाक बोंडीसमोर आणून तिने आ वासेपर्यंत वाट पाहिली आणि मग पटकन जवळ ओढलं. हनुवटी रुतली आणि दुखायचं थांबलं.

तरी पोर अशक्त होती. त्यामुळे पुढचे आठ दिवस तीन पायऱ्यांचा क्रम चालवला. आधी अंगावर पाजायचं, झोप लागते आहे असं वाटलं की छाती हलकेच दाबून दूध तोंडात येऊ द्यायचं. मग हाताने पिळून दूध काढायचं, दहा-पंधरा मिनिटं. आणि ते वाटी-चमच्याने द्यायचं. बाटली नको, बाळ नुकतं पकडायला शिकत होतं. सासूबाईंनी माळ्यावरून नवऱ्याच्या वेळचं चांदीचं बोंडलं काढलं, ते चमच्याहून बरं निघालं. एक फेरी सव्वा तासाची, आणि एका पाजण्याच्या सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंत जास्तीत जास्त तीन तास. राहिलेल्या वेळात जेवण, टाके, झोप. हा क्रम बाईला देताना आपण कागदावर तीन ओळी लिहून देतो. पुढे कधी दिलास तर कधी थांबवायचा तेही लिहून दे. तो आठवडाभराचा उपाय आहे. महिनाभर करायला लावला तर दूध वाढायच्या आधी बाई मोडून पडते.

12 तारखेला 2 किलो 630. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, 17 ला, पुन्हा 2 किलो 800. जन्माचं वजन दोन आठवड्यांच्या आत भरून निघालं, रोज तीस ग्रॅमच्या आसपास वाढ होती. त्या दिवशी पिळून काढणं थांबवलं.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला. ऑनलाइन वजनकाटा मागवला आणि पोरीला दिवसातून तीनदा त्यावर ठेवलं. एका शीने चाळीस ग्रॅम कमी, एका पाजण्याने पन्नास जास्त, आणि त्या आकड्यांवर माझं रडणं-हसणं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने काटा शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने. रोज पाहायचे ते लंगोट.

आणि लंगोटांचा हिशेब ठेवला सासूबाईंनी. माझ्या वहीत नाही, मोबाइलवर तर नाहीच. गवळ्याचं दूध त्या कालनिर्णयच्या चौकटीत लिहितात, त्याच चौकटीत: सू झाली की उभी रेघ, शी झाली की गोल. रात्रीच्या रेघा नवरा मारायचा. सहाच्या खाली रेघा असतील तर मला उठवायचं, नसतील तर कुणी काही बोलायचं नाही. (डिसेंबरअखेर सासरे गवळ्याचे पैसे काढायला बसले आणि आपण रोज साडेसात लिटर दूध घेतो का, म्हणून हादरले.) पाहायला आलेल्या प्रत्येकीला दूध पुरतंय का याची काळजी असते, आणि तिला उत्तर द्यायची ताकद बाळंतिणीत नसते. उत्तर भिंतीवर होतं.

याची खरी परीक्षा संक्रांतीला झाली. त्या दिवशी पोर बरोबर सहा आठवड्यांची होती. काळं झबलं, हलव्याचे दागिने, घर बायकांनी भरलेलं, आणि साडेसहाला जे रडणं सुरू झालं ते साडेनऊपर्यंत. अंगावर घ्यावं तर चार घोट आणि पुन्हा आकांत. हळदीकुंकवाला आलेल्या चौघींचं एकमत: दूध आटलं, डबा आणा. गंमत म्हणजे मलाही तसंच वाटलं, कारण त्या आठवड्यात छाती मऊ पडली होती, पहिल्यासारखी तटतटत नव्हती. सहाव्या आठवड्याच्या आसपास शरीर बाळाच्या मागणीशी जुळतं, साठा करायचं थांबतं, म्हणून छाती मऊ होते. आणि नेमकं तेव्हाच बाळांचं संध्याकाळचं रडणं शिगेला असतं. ब्रेझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने 1962 मध्ये आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या, तेव्हाही सहाव्या आठवड्यालाच चढ दिसला. पुढे ते उतरत जातं. या दोन गोष्टी एकाच आठवड्यात येतात आणि डबा घरात येतो. डबा आला की अंगावर पिणं कमी, मग दूध खरंच कमी.

सासूबाई हातातली वाण द्यायची ताटली खाली ठेवून कॅलेंडरपाशी गेल्या आणि मोठ्याने मोजू लागल्या. काल आठ. आज आत्तापर्यंत सात. शी दोन. मग म्हणाल्या, “सात वेळा भिजवतेय ती काय वाऱ्यावर?” विषय संपला. रडणं नाही संपलं. नवऱ्याने तिला खांद्यावर टाकून अंधाऱ्या खोलीत येरझाऱ्या घातल्या, रोज, जवळजवळ महिनाभर.

झोपेचं थोडक्यात, कारण हे तू नक्की विसरली असशील. पहिला महिना काही जमलं नाही, जमवायलाही जाऊ नये. वजन रुळल्यावर, पाचव्या आठवड्यापासून, रात्री नऊला पाजून मी दार लावून झोपायचे ते एकपर्यंत. मधलं साडेअकराचं पाजणं नवऱ्याचं, वाटीने. त्या पाजण्याचं दूध पहाटेच्या पाजण्यानंतर काढलेलं, साठ मिली, तेव्हा छाती सर्वांत भरलेली असते. सलग चार तास. बाकी रात्र तुकड्यांत गेली तरी त्या चार तासांनी माणसात राहिले. दोन-तीनचं पाजणं मात्र कुणाला दिलं नाही. दूध बनवणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं, ते पाजणं सुटलं की काही दिवसांत दिवसाचंही उतरतं.

ड जीवनसत्त्वाचे थेंब दोनदा विसरल्यावर बाटली मालीशच्या तेलाच्या वाटीत ठेवली. तेल कुणी विसरत नाही.

आणि 18 डिसेंबरच्या चौकटीतलं ते लाल वर्तुळ. पाचव्या-सहाव्या दिवशी कारण नसताना रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. सिस्टरने त्या तारखेला खूण करून नवऱ्याला सांगितलं होतं, “या दिवशीही रडत असल्या तर मला नाही, डॉक्टरांना फोन करायचा.” मला नव्हतं सांगितलं, त्याला सांगितलं. रडणाऱ्या बाईला आपण किती दिवस रडतोय हे कळत नाही. फोन करावा लागला नाही.

उद्याचं: कामावर अकराला आणि अडीचला दूध काढायचं. मे महिना आहे, बाहेर ठेवायचं नाही, लगेच फ्रिजमध्ये, दारात नाही तर आत मागे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशीसाठी. सासूबाईंना परत एकदा सांग: ते उकळायचं नाही, वर साय आली म्हणजे नासलं असं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची आणि हलकेच फिरवायची.

साडेअकरा झाले. दीड तासात उठायचंय.

•

पत्र वाचून झाल्यावर दोन गोष्टी सुधाराव्याशा वाटल्या. फ्रिजचं मी फार सोपं करून लिहिलंय. कामावर तो फ्रिज औषधांचा होता आणि दुधाला जागा मिळायला तीन आठवडे भांडावं लागलं. तोवर बर्फाच्या पिशव्या घातलेला डबा घेऊन जायचे. आणि अडीचची वेळ ओपीडीमुळे एकदाही पाळता आली नाही. साडेतीनला काढलं, ब्लाऊज ओला करून. तरी दूध टिकलं, कारण घरी पाऊल टाकताच पोर अंगाला लागायची आणि रात्रभर वसुली करायची.

वॉर्डात आता डिस्चार्जच्या कागदासोबत मी कोरा महिना छापलेलं एक पान देते, चौदाव्या दिवसाला लाल वर्तुळ करून. देताना ते बाळंतिणीच्या हातात देत नाही. शेजारी जी बाई किंवा जो बाप्या उभा असेल, त्याच्या हातात देते, आणि गवळ्याचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवायला सांगते.