धाकटीची वीस मिनिटं

आमच्या दहा वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालायला त्याला वेळ लागतो. म्हणून रोज संध्याकाळी पाऊण तास त्याची आई किंवा मी त्याच्याजवळ बसतो. शब्द तोडून म्हणायचा, बोटाने गिरवायचा, मग लिहायचा.

सात वर्षांची धाकटी भराभर वाचते. गेल्या पावसाळ्यात तिच्या घरच्या वहीत अचानक चुका दिसू लागल्या. शाळेच्या वहीत मात्र तेच शब्द अचूक. अडचण खरी असती, तर दोन्हीकडे दिसली असती. विचारल्यावर म्हणाली, "दादाचं चुकलं की तुम्ही जवळ बसता. माझं बरोबर आलं की 'छान' म्हणून उठता."

दादाला मिळणारा वेळ म्हणजे लाड नव्हे, आजोबांच्या चष्म्यासारखी ती गरज आहे, हे तिला पटलं. पण पटल्याने राग जात नाही. म्हणून जेवणानंतरची वीस मिनिटं तिची ठरवली. सागरगोटे की कॅरम, ते ती ठरवते; अभ्यास नाही, दादाचा विषयही नाही. त्याचा गृहपाठ उरला तर तो थांबतो, तिची वेळ हलत नाही. त्याच्या वाचनातल्या चुका काढायचं कामही तिला देत नाही. त्याने तो खजील होतो आणि ती बहिणीऐवजी मास्तरीण होते.

महिन्याभरात वहीतल्या चुका थांबल्या. तक्रार थांबलेली नाही: "त्याला पाऊण तास, मला वीसच मिनिटं." हिशेब बरोबर आहे, आणि आम्ही तसं तिला सांगतो.