जाता बाण, येता बाण

१२ ऑगस्ट
अनंत संचांचं प्रकरण सुरू केलं. चौरसात जितके बिंदू तितकेच त्याच्या एका बाजूवर, हे ऐकून वर्गात चुळबुळ झालीच. १८७७ च्या जूनमध्ये कँटरने डेडेकिंडला पत्रातून कळवलेली युक्ती फळ्यावर मांडली. चौरसातल्या बिंदूचे दोन निर्देशक घ्यायचे, समजा ०.३५… आणि ०.१४…, आणि त्यांचे अंक आलटून पालटून एका माळेत ओवायचे: ०.३१५४…. दोन संख्यांची एक झाली, बिंदू रेषेवर आला.

डेडेकिंडने लगेच दुखऱ्या जागी बोट ठेवलं. ०.३००० आणि ०.२९९९… ही एकाच संख्येची दोन रूपं आहेत, म्हणून एक रूप ठरवून घ्यावं लागतं. आम्ही ठरवलं की शेवटी नऊंची अखंड रांग चालणार नाही. मग ०.२१९१९१… ही संख्या कुठल्या बिंदूची? विषम जागांवरचे अंक उचलले तर ०.२९९९… येतं, आणि ते तर आपणच बाद केलं आहे. थोडक्यात, दोन बिंदू एका संख्येवर कधीच येत नाहीत, पण काही संख्या रिकाम्या राहतात. कँटरने मग दशांश सोडून अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक अशी मांडणी वापरली. सिद्धता उभी राहिली, पण घामटं काढणारी.

१३ ऑगस्ट
ही डागडुजी टाळता येते. रेषेवरून चौरसात जाणं अगदी सोपं आहे: संख्या पहिला निर्देशक, दुसरा निर्देशक शून्य. हाही बाण एकास-एक, आणि हाही चौरस भरत नाही. असे दोन अपुरे बाण, एक जाता, एक येता, एवढ्यावर दोन्ही संचांतल्या घटकांची संख्या सारखी ठरते. कँटरने हे विधान १८८७ मध्ये सिद्धतेविना मांडलं. डेडेकिंडने त्याच वर्षी सिद्धता लिहिली आणि छापलीच नाही (काय माणूस!). श्रोडरच्या सिद्धतेत भोक निघालं, तरी नाव त्याचंही चिकटलं. १८९७ मध्ये हाले इथे कँटरच्या चर्चावर्गात बर्नस्टाइनने सिद्धता दिली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. मुलांच्या लक्षात राहिलं ते हे वय.

१४ ऑगस्ट
सिद्धता म्हणजे वंशावळ काढणं. संच अ आणि ब वेगळे धरायचे, अ मधून ब मध्ये जाता बाण, ब मधून अ मध्ये येता बाण. कुठलाही घटक घ्या आणि विचारा, तुझ्यावर बाण कुठून आला? बाण एकास-एक असल्याने जनक असला तर एकच असतो. मागे मागे जात राहिलं की तीनच शक्यता उरतात: मूळपुरुष अ मध्ये सापडतो, ब मध्ये सापडतो, किंवा सापडतच नाही. मूळ अ मध्ये असेल तर त्या घराण्यातल्या अ च्या घटकांच्या जोड्या जात्या बाणाने लावायच्या. त्या घराण्यातल्या ब च्या प्रत्येकाला जनक असतो, म्हणून कोणी सुटत नाही. मूळ ब मध्ये असेल तर जात्या बाणाने तो मूळपुरुषच सुटेल, म्हणून तिथे येता बाण उलटा वापरायचा. मूळच नसेल तर कुठलाही चालतो, फक्त पूर्ण घराण्याला एकच.

१६ ऑगस्ट
आज उदाहरण. अ म्हणजे ० ते १, दोन्ही टोकं धरून. ब म्हणजे तेच, पण १ वगळून. जाता बाण: निम्मं करा. येता बाण: आहे तसं ठेवा.

बऱ्याच जणांनी एकच घाई केली. येत्या बाणाने फक्त १ वर कोणी येत नाही, तेव्हा १ पुरता जाता बाण आणि बाकी सगळ्यांना येता बाण उलटा. पण मग १ गेला १/२ वर, आणि १/२ तर आधीच १/२ वर बसलेला. टक्कर! १ चं पूर्ण घराणं हलवावं लागतं: १ ला १/२, १/२ ला १/४, १/४ ला १/८, असं न संपता. बाकीचे जागचे जागी. १/३ का हलत नाही, तर मागे गेलं की २/३ येतो, त्याच्यामागे ४/३ हवा आणि तो अ मध्ये नाही. म्हणजे मूळपुरुष ब मधला २/३. शून्य स्वतःचाच जनक, त्याचं मूळच नाही.

१८ ऑगस्ट
मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘सर, या जोडणीचा आलेख पेन न उचलता काढता येईल?’’ या जोडणीचा तर नाहीच: १/२ च्या आजूबाजूच्या संख्या जागेवर आहेत आणि १/२ एकटा १/४ वर उडी मारतो. पण दुसरी एखादी? तीही नाही. टोकं धरून घेतलेल्या रेषाखंडावर अखंड फलन आपली सर्वांत मोठी किंमत गाठतंच, आणि ब मध्ये सर्वांत मोठी संख्या नाही. त्या किमतीच्या वरचं सगळं रिकामं राहील. दोन्ही बाण मात्र अखंड होते. म्हणजे प्रमेय घटकांची संख्या जुळवून देतं, आकाराची हमी देत नाही. उद्या चौरस आणि रेषेचं हेच विचारायला सांगितलं आहे.