कोणत्या धड्याचे गणित?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी नात दहावीच्या बीजगणिताची एक उत्तरपत्रिका घेऊन माझ्यापुढे बसली. चाळीसपैकी एकोणीस गुण पडले होते. तिची सरावाची वही मात्र स्वच्छ आणि जवळजवळ बिनचूक होती. वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, दोन चलांतील रेषीय समीकरणे या सर्व धड्यांचे सरावसंच तिने क्रमाने सोडवले होते. ती म्हणाली, “आजी, मला सगळी गणितं येतात. पण पेपरमध्ये कुठलं गणित कुठलं, तेच कळलं नाही.”

तीस वर्षे गणित शिकवूनही हे वाक्य इतक्या स्पष्टपणे मी कधी ऐकले नव्हते. पाठ्यपुस्तकातील सरावसंच धड्याच्या पोटात असतो. ‘अंकगणिती श्रेढी’ हे शीर्षक वाचूनच मूल पहिल्या गणिताकडे वळते, त्यामुळे कोणते सूत्र वापरायचे हा प्रश्न त्याला पडतच नाही. धड्याच्या शेवटचा ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ही त्याच धड्यापुरता संकीर्ण असतो. वहीतील बिनचूक उत्तरांमागे शीर्षकाची केवढी मदत होती, हे परीक्षेत ते शीर्षक नाहीसे झाल्यावर उघड झाले.

मी तिच्यासाठी मिश्र संच करायला घेतला. पहिला प्रयत्न सपशेल फसला. तीन धड्यांतून चार-चार गणिते घेऊन मी ती आलटूनपालटून लिहिली होती. तिसऱ्या गणितानंतर ती हसली आणि म्हणाली, “आता पुन्हा पहिला धडा, होय ना?” शिवाय एका गणितात ‘या श्रेढीचे’ आणि दुसऱ्यात ‘वर्गसमीकरण तयार करून’ असे शब्द तसेच राहिले होते. म्हणजे पुसलेले शीर्षक मीच आत लिहून ठेवले होते.

दुसऱ्या वेळी मी प्रत्येक गणित चिठ्ठीवर लिहिले, धड्याचे नाव सांगणारे शब्द काढून टाकले आणि डब्यातून चिठ्ठ्या उचलून क्रम ठरवला. संख्याही समान ठेवल्या नाहीत. एका धड्याची पाच, दुसऱ्याची चार, तिसऱ्याची तीन गणिते घेतली, नाहीतर शेवटची दोन-तीन गणिते नुसत्या मोजणीनेच ओळखता येतात. पण खरे काम पुढेच होते. नाण्यांचे गणित एका धड्याचे आणि वयाचे दुसऱ्या धड्याचे असेल, तर मूल विषयवस्तूवरून धडा ताडते. म्हणून मी एकच विषयवस्तू घेऊन तिची वेगवेगळ्या धड्यांची गणिते केली. त्यांतील तीन येथे देते.

पहिले: सभागृहात जितक्या रांगा आहेत, त्यापेक्षा प्रत्येक रांगेत ५ खुर्च्या जास्त आहेत. एकूण खुर्च्या २६६. तर रांगा किती?

दुसरे: पहिल्या रांगेत १० खुर्च्या आहेत आणि पुढच्या प्रत्येक रांगेत आधीच्या रांगेपेक्षा २ जास्त. एकूण खुर्च्या २२०. तर रांगा किती?

तिसरे: प्रत्येक रांगेत सारख्याच खुर्च्या आहेत. रांगेत ५ खुर्च्या वाढवल्या तर २ रांगा कमी लागतात. रांगेतील ५ खुर्च्या कमी केल्या तर ३ रांगा जास्त लागतात. तर एकूण खुर्च्या किती?

तिला मी सांगितले की आज काहीही सोडवायचे नाही. प्रत्येक गणितापुढे धड्याचे नाव लिहायचे आणि ज्या वाक्यावरून ते ठरवले त्याखाली रेघ मारायची. तिने तिन्ही गणितांपुढे ‘श्रेढी’ लिहिले आणि तिन्ही ठिकाणी ‘रांग’ या शब्दाखाली रेघ मारली. पुस्तकात सभागृहाच्या रांगा तिला श्रेढीच्या धड्यात भेटल्या होत्या. तेवढीच खूण तिने मनात ठेवली होती.

मग आम्ही रेघ कुठे हवी ते शोधले. श्रेढीची खूण ‘रांग’ ही नव्हे, तर ‘पुढच्या प्रत्येक रांगेत आधीच्यापेक्षा २ जास्त’ हे वाक्य आहे. पहिल्या गणितात रांगांत आपसात काहीच वाढत नाही. तिथे रांगा x मानल्या की x(x + ५) = २६६ मिळते आणि उत्तर येते १४. तिसरे गणित अधिक फसवे आहे. रांगेतील खुर्च्या x आणि रांगा y मानल्या, तर (x + ५)(y − २) = xy असा गुणाकार समोर येतो आणि मूल वर्गसमीकरणाकडे धावते. पण कंस सोडवल्यावर xy दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि उरते ५y − २x = १०. दुसऱ्या अटीवरून ३x − ५y = १५. ही दोन साधी रेषीय समीकरणे आहेत. x = २५, y = १२, एकूण खुर्च्या ३००.

दुसऱ्या गणिताने मात्र मलाच अडचणीत आणले. ते श्रेढीचेच आहे, पण बेरजेचे सूत्र वापरल्यावर n(n + ९) = २२० हे वर्गसमीकरणच हाती येते आणि ११ हे उत्तर मिळते. तिने विचारले, “मग धडा कुठला लिहू?” तेव्हा मी नियम बदलला. धड्याच्या नावाऐवजी पहिली ओळ लिहायची, म्हणजे चल कशाला मानले आणि पहिले समीकरण कोणते. दोन धड्यांच्या सीमेवरील गणितांना एकच चिठ्ठी चिकटवण्याचा माझा आग्रह मुळातच चुकीचा होता.

गुणांचे मी दोन रकाने केले, ओळखीचा आणि सोडवणुकीचा. पहिल्या संचात बारापैकी पाचच ओळखता आली. उरलेल्यांचे धडे सांगितल्यावर मात्र एक सोडून सर्व सुटली. दोष आकडेमोडीत नव्हता, हे या दोन आकड्यांवरून माझ्या मुलालाही पटले. तोवर तो तेच सरावसंच पुन्हा सोडवून घ्यावेत असे म्हणत होता.

तरीही तीन आठवडे घरात कुरबुर चालली. वहीत पूर्वी बरोबरच्या खुणा असत, आता फुल्या दिसू लागल्या. तेव्हा मला रोहरर आणि टेलर या अमेरिकन संशोधकांचा २००७ सालचा प्रयोग उपयोगी पडला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची गणिते सलग केली, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी सलग गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिश्र गटाची ६०. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत सलग गट २० टक्क्यांवर घसरला, मिश्र गट ६३ वर राहिला. मुलाने आकडे दोनदा वाचले आणि फुल्यांविषयी बोलणे सोडले.

एक मर्यादा मात्र मी पाळली. नुकताच सुरू झालेला धडा मिश्र संचात घेतला नाही. अर्थनियोजनाची गणिते तिला आधी सलग करू दिली आणि आठवड्याने त्यांतील दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. रीतच हाताशी नसेल, तर ओळखायचे तरी काय?

नाताळच्या सुट्टीत ओळखीच्या रकान्यात बारापैकी दहा आले. त्याच दिवशी तिने स्वतः केलेले एक गणित माझ्यापुढे ठेवले: ‘सभागृहात १८ रांगा आहेत. पहिल्या रांगेत २४ खुर्च्या आहेत. पुढच्या प्रत्येक रांगेत आधीच्या रांगेइतक्याच खुर्च्या आहेत. तर एकूण खुर्च्या किती?’ मी घाईने ‘श्रेढी, a = २४’ असे लिहिले आणि d शोधू लागले. ती पोट धरून हसली. साधा गुणाकार होता तो, ४३२. d शून्य घेतला तरी ती श्रेढीच ठरते, असा युक्तिवाद मी करून पाहिला. तिने ऐकले नाही. माझ्या ओळखीच्या रकान्यात तिने लाल शाईने फुली मारली.